सभेचे इंग्रजी टिपण मराठीत आणताना : काम कोणाकडे, हे हरवू नये

मुंबईची खरेदीदार कचेरी आता कापडाचा प्रत्येक व्यवहार सभेत ठरवते आणि सभा संपली की त्याच संध्याकाळी इंग्रजी टिपण पाठवते. इंग्रजीत त्याला मिनिट्स म्हणतात, सरकारी मराठीत इतिवृत्त किंवा कार्यवृत्त, आणि आम्ही उर्दू शाळेत शिकलेले लोक त्याला रूदाद म्हणत आलो. नाव काहीही असो, त्या कागदावर ठरलेली कामे करणारे जॉबर, दिवाणजी आणि घडीवाले इंग्रजी वाचत नाहीत. म्हणून पेढीवरच्या कोणाला तरी तो मजकूर मराठीत लिहावा लागतो. या लेखात एकाच टिपणाचे उदाहरण घेऊन हे भाषांतर कुठे फसते आणि ते नीट कसे करावे, ते पाहू.

उदाहरण इचलकरंजीचे आहे. सभा सोमवार, १० जून २०२४ रोजी झाली. माल होता साधा कॅम्ब्रिक : ताणा आणि बाणा दोन्ही ६० नंबर सूत, इंचाला ९२ तार आणि ८८ पिक, पन्हा ४८ इंच. एकूण मागणी १२,००० मीटर. कापड खर्चीने विणणाऱ्या यंत्रमागधारकांकडे २४ साधे माग. आधी गेलेल्या १,८०० मीटरमध्ये पिक ८८ ऐवजी ८४ भरले आणि काही बीम मऊ आल्यामुळे तार तुटून कापडात दोष दिसले, अशी मुंबईची तकरार होती. सभेला खरेदीदार कचेरीचे अधिकारी, सायझिंगचे मॅनेजर, यंत्रमागधारक आणि मी, असे चौघे होतो. सभा हिंदीत झाली, टिपण इंग्रजीत आले. त्यातल्या सहा ओळी येथे देवनागरीत देतो.

१. पिक्स टु बी चेक्ड अ‍ॅट लूम अँड करेक्टेड बिफोर नेक्स्ट बीम.
२. सायझिंग टु रिव्हर्ट ऑन सॉफ्ट बीम्स बाय थर्सडे.
३. वी विल बेअर द कॉस्ट ऑफ मेंडिंग.
४. वीव्हर टु डिलिव्हर ३,००० मीटर्स बाय मंडे.
५. नोटेड दॅट वीव्हर हॅज आस्क्ड फॉर इन्क्रीज इन जॉब रेट.
६. फोल्डिंग मे कन्सिडर अ सेकंड चेक.

आमच्या पेढीवरच्या बी.कॉम. झालेल्या मुलाने मंगळवारी याचे मराठी केले. मी ते न वाचता सही करून माग-खात्यात पाठवले, ही चूक माझी. ते मराठी असे होते :

१. मागावर पिक तपासण्यात यावेत व पुढील बीमपूर्वी दुरुस्त करण्यात यावेत.
२. मऊ बीम गुरुवारपर्यंत सायझिंगला परत करण्यात यावेत.
३. मेंडिंगचा खर्च आपण सोसू.
४. विणकरांनी सोमवारपर्यंत ३,००० मीटर द्यावेत.
५. विणकरांच्या मजुरीवाढीच्या मागणीची दखल घेण्यात आली.
६. घडी खात्याने दुसऱ्यांदा तपासणी करावी.

वाचायला हे मराठी शुद्ध आहे. व्याकरणाची चूक काढता येणार नाही. तरीही सहाच्या सहा ओळींत घोटाळा आहे, आणि बुधवारी सकाळी त्याची किंमत मोजावी लागली. दुसऱ्या ओळीतल्या "परत करण्यात यावेत" या शब्दांवरून दिवाणजींनी दोन मऊ बीम मागावरून उतरवून सायझिंगला रवाना केले. ९२ तारांच्या हिशेबाने ४८ इंच पन्ह्याच्या एका बीमला साडेचार हजारांच्या आसपास तार असतात. बीम एकदा उतरला की पुन्हा चढवताना ते सगळे तार सांधावे लागतात. माग मिनिटाला १५० पिक मारत असेल आणि थांबण्याचा वेळ वजा करून १२० धरले, तर ८८ पिकाचे कापड दोन पाळ्यांत एका मागावर सुमारे ५० मीटर निघते. दोन माग दोन दिवस उभे राहिले, म्हणजे २०० मीटर कापड गेले. खरेदीदाराने मात्र बीम परत मागितलेच नव्हते. आपल्याकडच्या कचेरी-इंग्रजीत "रिव्हर्ट" म्हणजे उत्तर देणे. सायझिंगच्या मॅनेजरांनी गुरुवारपर्यंत खुलासा द्यायचा, एवढेच ठरले होते.

शब्दाची चूक अशी लगेच दिसते, कारण ती नुकसान करून उभी राहते. बाकीच्या पाच ओळींतील चुका शांत आहेत. त्या कळतात तेव्हा बिल अडकलेले असते. त्या एकेक करून पाहू.

कर्ता गेला की काम गेले

पहिल्या ओळीत इंग्रजीनेच करणाऱ्याचे नाव सांगितलेले नाही. "टु बी चेक्ड" म्हणजे तपासले जावेत. कोणी, ते नाही. मराठीत "तपासण्यात यावेत" लिहिले की ही उणीव आणखी झाकली जाते, कारण सरकारी पत्रांची सवय असल्याने ही भाषा आपल्याला भारदस्त वाटते. "करण्यात येईल", "घेण्यात यावी", "कळविण्यात येईल" ही वाक्ये कर्त्याशिवाय डौलाने उभी राहतात. जॉबर म्हणतो तपासणे घडीचे काम, घडीवाला म्हणतो मागावर तपासायचे म्हणजे जॉबरचे काम. दोघेही कागदाप्रमाणे बरोबर असतात.

म्हणून पहिला नियम असा ठेवावा : कामाच्या वाक्यात "करण्यात" हा शब्द आला की थांबायचे आणि करणाऱ्याचे नाव वाक्याच्या सुरुवातीला आणायचे. "घडी खात्याचे तपासनीस मागावर पिक मोजतील." हे वाक्य साधे आहे, पण त्यातून कोणाला निसटता येत नाही.

मग नाव इंग्रजीत नसेल तर? येथे भाषांतर करणाऱ्याला मोह होतो. आपल्याला धंदा ठाऊक असतो, पिक मोजणे कोणाचे काम हेही ठाऊक असते, म्हणून आपण नाव भरून टाकतो. तसे करू नये. काम वाटून देण्याचा अधिकार सभेचा आहे, भाषांतर करणाऱ्याचा नाही. नावाच्या जागी "नाव मूळ टिपणात नाही, विचारून भरायचे" असे लिहावे आणि टिपण ज्यांनी लिहिले त्यांनाच विचारावे. आम्ही बुधवारी संध्याकाळी मुंबईला फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले की मोजणे घडी खात्याच्या तपासनिसांकडे आणि दुरुस्ती जॉबरकडे, असेच सभेत बोलणे झाले होते. ते त्यांनी इंग्रजीतही दुरुस्त करून पाठवले. हे महत्त्वाचे आहे, कारण नाव फक्त मराठीत भरले आणि इंग्रजी तसेच राहिले, तर तकरारीच्या वेळी दोन कागद दोन गोष्टी सांगतात.

या उत्तरातून दुसरी गोष्ट उघड झाली. पहिल्या ओळीत एक नव्हे, दोन कामे आहेत : मोजणे आणि दुरुस्त करणे. करणारेही दोन वेगळे. इंग्रजीत "अँड" आणि मराठीत "व" लावून ती एका वाक्यात बांधली गेली होती. म्हणून ओळी मोजू नयेत, क्रियापदे मोजावीत. जितकी क्रियापदे तितकी कामे, आणि प्रत्येक कामाची ओळ वेगळी.

मराठीतला आदरार्थी प्रत्ययही येथे आडवा येतो. "जॉबर पिक दुरुस्त करतील" या वाक्यात जॉबर एक की सगळे? इंग्रजीत एकवचन आणि अनेकवचन वेगळे दिसते, मराठीत आदराने बोलताना दोन्ही सारखेच दिसतात. माग-खात्यात दिवसपाळी आणि रात्रपाळीचे जॉबर वेगळे असतात. म्हणून पाळी आणि पूर्ण नाव लिहावे. मी येथे छापील लेखात नावे न देता हुद्दे लिहितो आहे, तुमच्या कागदावर मात्र नावच हवे. आणि एका कामापुढे एकच नाव हवे. मदतीला चार जण असू द्यात, विचारणा ज्याच्याकडे होईल तो एकच असावा.

"मालक" कोण?

इंग्रजी टिपणात कामाच्या तक्त्यावर "अ‍ॅक्शन ओनर" असा रकाना होता. मुलाने त्याचे मराठी "मालक" केले. शब्दकोशाप्रमाणे ओनर म्हणजे मालकच. पण माग-खात्यात मालक म्हणजे मागांचे मालक, दुसरे कोणी नाही. त्यामुळे कामगारांनी तक्ता पाहून समजले की सगळी कामे मालकांनी करायची आहेत.

मग "जबाबदार" लिहावे, असे काही जण म्हणतील. अर्थाने ते जवळ आहे, पण आपल्याकडे हा शब्द बहुधा नुकसान झाल्यावर वापरतात : "याला जबाबदार कोण?" त्या रकान्यात स्वतःचे नाव पाहून जॉबर सही करायला कचरतो, कारण त्याला वाटते की दोष आधीच आपल्यावर टाकला आहे. आम्ही आता रकान्याला "काम कोणाकडे" असे लिहितो. ते बोलीतले आहे आणि त्यात ना मालकी आहे, ना आरोप.

"आपण" आणि "आम्ही"

तिसरी ओळ पैशाची आहे, म्हणून ती नीट पाहावी. इंग्रजीत "वी" हा एकच शब्द आहे. उर्दूतही "हम" हा एकच. मराठीत मात्र दोन आहेत. "आम्ही" म्हटले की समोरचा माणूस त्यात येत नाही. "आपण" म्हटले की तो येतो. शिवाय "आपण" हा शब्द समोरच्याला आदराने "तुम्ही" म्हणण्यासाठीही वापरतात. उर्दू शाळेतून आलेल्या आमच्यासारख्यांची येथे हमखास चूक होते, कारण आमच्या कानाला "आपण" हा अदबीचा शब्द वाटतो आणि आम्ही तो सर्रास लिहितो.

"मेंडिंगचा खर्च आपण सोसू" हे वाचून यंत्रमागधारकांनी अर्थ घेतला की खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मी सभेत होतो, पण खरे सांगायचे तर माझाही समज तसाच झाला होता. मुंबईला विचारले तेव्हा कळले की "वी" म्हणजे टिपण लिहिणारी खरेदीदार कचेरी. म्हणजे खर्च त्यांचा. त्यातही अट होती : आधी गेलेल्या १,८०० मीटरच्या मेंडिंगचाच खर्च, पुढच्या मालाचा नाही. विचारले नसते तर यंत्रमागधारकांनी बिलात नसलेला वाटा उचलला असता, किंवा पुढच्या मालाचे मेंडिंगही मुंबईच्या नावे लिहिले असते.

येथे नियम सोपा आहे. सभेच्या टिपणात "आपण", "आम्ही", "त्यांनी" ही सर्वनामे ठेवूच नयेत. इंग्रजीत "वी", "दे", "ही" दिसले की त्याजागी पक्षाचे किंवा माणसाचे नाव लिहावे. नाव लिहिता येत नसेल तर त्याचा अर्थ असा की आपल्याला ते कळलेले नाही, आणि तेव्हा विचारावे. वाक्य कानाला थोडे जड लागेल, पण हिशेब स्वच्छ राहील.

वार, तारीख आणि "पर्यंत"

इंग्रजीत "बाय मंडे" म्हणजे सोमवार संपण्यापूर्वी काम पुरे. "टिल मंडे" म्हणजे सोमवारपर्यंत काम चालू. मराठीत दोन्हींना "सोमवारपर्यंत" म्हणतात. "सोमवारपर्यंत माल द्यावा" याचा अर्थ रोज थोडा थोडा देत राहावा असाही कोणी लावू शकतो, आणि सोमवार धरायचा की रविवारी संपवायचे, हा वाद तर नेहमीचाच. म्हणून "बाय" असेल तेथे वार, तारीख, वेळ आणि "च्या आत" असे लिहावे : "गुरुवार, १३ जून, संध्याकाळी ६ च्या आत". "टिल" असेल तेथे "या तारखेपर्यंत चालू, त्या तारखेपासून बंद" अशा दोन तारखा द्याव्यात. "परवा" हा शब्द तर लिहूच नये. उर्दूत "कल" दोन्हीकडे जातो हे आपल्याला ठाऊक असते, पण मराठीतला "परवा"ही तसाच मागे आणि पुढे दोन्हीकडे जातो, हे विसरले जाते.

वाराची तारीख काढताना सभेच्या दिवसापासून मोजावे, भाषांतर ज्या दिवशी केले त्या दिवसापासून नव्हे. या सभेच्या हिशेबाने सोमवार म्हणजे १७ जून. तारीख लिहिताच एक गोष्ट डोळ्यासमोर आली, जी नुसत्या "सोमवार" शब्दाने आली नव्हती : १७ जून २०२४ ला बकरी ईद होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही माग-खात्यात माणसे नसणार, ट्रक भरायला हमाल मिळणार नाहीत.

अशा वेळी भाषांतर करणाऱ्याने काय करावे? तारीख स्वतः बदलू नये. मूळ तारीख लिहावी, खाली "या दिवशी ईद आहे, काम बंद, मुंबईला कळवावे" अशी वेगळी टीप द्यावी, आणि फोन करावा. आम्ही केला. तोड अशी निघाली की २,००० मीटर शनिवारी १५ जूनला आणि उरलेले १,००० मीटर गुरुवारी २० जूनला. दोन तारखा, म्हणून दोन ओळी.

ठरले, सुचवले, नोंदले

पाचव्या आणि सहाव्या ओळीत कोणाकडे काहीच काम नव्हते, पण मराठीने ते निर्माण केले.

"नोटेड" म्हणजे सभेने ऐकले आणि लिहून ठेवले. मान्य केले असे नाही, नाकारले असेही नाही. मुलाने लिहिले "दखल घेण्यात आली". मराठीत दखल घेणे म्हणजे त्यावर पुढे काहीतरी करणे. वर्तमानपत्रात "सरकारने दखल घेतली" असे वाचतो तेव्हा आपण कारवाईचीच अपेक्षा करतो. यंत्रमागधारकांनी कामगारांना सांगितले की वाढीचे काम मार्गी लागले. दोन दिवसांनी ते खोटे ठरले तेव्हा त्यांचीच अडचण झाली. "नोटेड"साठी "नोंद केली" लिहावे आणि त्याच ओळीत "निर्णय झाला नाही" हे शब्द जोडावेत. इंग्रजीत ते शब्द नाहीत, हे खरे. पण मुंबईला विचारून खात्री केली असेल तर ते जोडण्यात हयगय करू नये.

"मे कन्सिडर" म्हणजे विचार करून पाहावा. मराठीत "करावी" लिहिले की वाचणारा तो हुकूम समजतो, कारण नोटिशीत आणि परिपत्रकात हुकूम याच रूपात असतो. घडी खात्याने लगेच सगळे तागे दुसऱ्यांदा उलगडायला घेतले आणि वाढीव कामाची मजुरी मागितली. त्यांचे चुकले नाही, कागदावर तसेच लिहिले होते.

यावर उपाय म्हणजे क्रियापदाची रूपे वाटून घ्यायची आणि मोडायची नाहीत. ठरलेले काम असेल तर "करतील", "देतील". नुसती सूचना असेल तर "असे सुचवले आहे, ठरलेले नाही". फक्त लिहून ठेवलेली गोष्ट असेल तर "नोंद केली". "करावे" हे रूप टिपणात वापरायचेच नाही, कारण ते सल्ला आणि हुकूम यांच्या मधोमध उभे असते. "पाठपुरावा करावा" हेही टाळावे. इंग्रजीत "फॉलो अप" लिहिलेले असते, पण पाठपुरावा पुरा झाला हे कशावरून ओळखायचे? मूळ लिहिणाऱ्याला विचारून तेथे दिसणारी गोष्ट लिहावी : फोन, पत्र, नमुना, चलान.

दुरुस्त मराठी टिपण

सहा ओळींतून शेवटी पाच कामे, एक निर्णय, एक सूचना आणि एक नोंद निघाली. बुधवारी रात्री आम्ही दुसरे मराठी टिपण लिहिले. ते असे :

सभा : सोमवार, १० जून २०२४. हे मराठी टिपण : बुधवार, १२ जून. मंगळवारचे मराठी टिपण रद्द.

करायची कामे

१. काम : चालू असलेल्या प्रत्येक मागावर पिक ग्लास लावून एका इंचात पिक मोजतील आणि माग नंबराप्रमाणे लिहून देतील. काम कोणाकडे : घडी खात्याचे तपासनीस. कधी : शुक्रवार, १४ जून, दुपारी १२ च्या आत. झाले हे कशावरून : मागनिहाय यादी दिवाणजींकडे.

२. काम : ८८ पेक्षा कमी पिक असलेल्या मागांचे पिकचे व्हील बदलतील. काम कोणाकडे : दिवसपाळीचे जॉबर. कधी : त्या मागावर पुढचा बीम चढण्यापूर्वी. झाले हे कशावरून : तपासनिसांची दुसरी मोजणी.

३. काम : बीम मऊ का आले, याचा लेखी खुलासा मुंबईला देतील. बीम परत पाठवायचे नाहीत. काम कोणाकडे : सायझिंगचे मॅनेजर. कधी : गुरुवार, १३ जून, संध्याकाळी ६ च्या आत. झाले हे कशावरून : खुलाशाची प्रत पेढीवर.

४. काम : २,००० मीटर कापड पाठवतील. काम कोणाकडे : यंत्रमागधारक. कधी : शनिवार, १५ जून. झाले हे कशावरून : चलान.

५. काम : १,००० मीटर कापड पाठवतील. काम कोणाकडे : यंत्रमागधारक. कधी : गुरुवार, २० जून. झाले हे कशावरून : चलान.

निर्णय : आधी गेलेल्या १,८०० मीटरच्या मेंडिंगचा खर्च मुंबईची खरेदीदार कचेरी देईल. पुढच्या मालाला हे लागू नाही.

सूचना : घडी खात्यात दुसरी तपासणी असावी, असे सुचवले आहे. ठरलेले नाही.

नोंद : यंत्रमागधारकांनी खर्चीचा दर वाढवून मागितला, याची नोंद केली. निर्णय झाला नाही.

पहिल्या मराठीला रद्द केल्याचे वरच लिहिले आहे, ते मुद्दाम. दोन मराठी कागद फिरत राहिले की माणूस आपल्या सोयीचा कागद धरतो.

कागद बरोबर आहे हे कसे ओळखावे

भाषांतर इंग्रजीशी ओळ न ओळ ताडून पाहणे हा एक मार्ग आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याने भाषांतर केले त्याला अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे त्याला कागदात नसलेलेही दिसते. म्हणून इंग्रजी बाजूला ठेवावे आणि सभेला नसलेल्या एखाद्या माणसाला नुसते मराठी वाचायला द्यावे. त्याला तीनच प्रश्न विचारावेत : तुझ्या वाचनाप्रमाणे एकूण कामे किती? प्रत्येक काम कोण करणार? पैसे कोण देणार? त्याची उत्तरे इंग्रजीशी जुळली तर कागद पाठवावा. आम्ही दुसरे टिपण आमच्या हिशेबनीसांना दिले. त्यांनी कामे पाच सांगितली, पण दुसऱ्या कामाची तारीख विचारली. "पुढचा बीम चढण्यापूर्वी" ही तारीख नव्हे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण प्रत्येक मागावरचा बीम वेगळ्या दिवशी संपतो, म्हणून सभेने तसेच ठरवले होते. तेव्हा आम्ही ती ओळ तशीच ठेवून दिवाणजींना मागनिहाय बीम संपण्याचे दिवस लिहून द्यायला सांगितले.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. सभेतच काम कोणाला दिले गेले नसेल, तर भाषांतराने ते देता येत नाही. मराठी टिपणात "विचारून भरायचे" असे दोनचार ठिकाणी लिहावे लागले, तर दोष सभेचा आहे आणि तो मुंबईलाच मिटवावा लागेल. काही लोक टिपणाच्या तळाशी "फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर खरा धरावा" असे लिहितात. करारासाठी ते ठीक आहे. पण जॉबर इंग्रजी वाचत नाही, त्याच्यासाठी मराठी हाच खरा मजकूर. बीम मागावरून उतरला तेव्हा तळाची ती ओळ कोणाच्याही कामाला आली नसती.

त्या दोन बीमांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. सायझिंगने ते शुक्रवारी सकाळी तसेच परत पाठवले, तार सांधून माग पुन्हा चालू झाले. भाडे आणि सांधणीची मजुरी पेढीने दिली, कारण पहिल्या मराठी कागदावर सही पेढीची होती.